दोन रेघांच्या मधली मिनिटं

संपादकांनी फोनवर या वर्षीच्या अंकाचा विषय सांगितला, 'नोंद', आणि लगेच बजावलं, "तलाठ्याची वही आणि रेल्वे गार्डची डायरी गेली. तुम्ही दुसरं काही तरी बघा." माझ्या डोक्यात बरीच वर्षं एक कागद होता. सिझर झालेल्या प्रत्येक बाईच्या फाइलमध्ये तो असतो, पण घरातलं कुणी तो वाचत नाही. डिस्चार्ज कार्ड वाचतात, बिल तर दोनदा वाचतात. हा चौकटी-चौकटींचा, टिंबं आणि बाणांनी भरलेला कागद मात्र मधेच कुठे तरी टाचलेला राहतो. ऑपरेशन चालू असताना भूलतज्ज्ञाने मिनिटामिनिटाला काय पाहिलं आणि काय केलं, ते त्यावर असतं, किंवा असायला हवं.

तो कागद भरला जाताना बघायचा म्हणून पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एक सकाळ काढली. परवानगी वरून मिळाली होती. जिचं ऑपरेशन होतं तिची आणि तिच्या नवऱ्याची संमती तिथे घेतली. तिचं नाव इथे नाही. वय २६, दुसरी खेप, पहिलं मूल सिझरने झालेलं आणि या वेळीही तारीख ठरवून सिझर. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिथे सगळेच 'भुलीच्या मॅडम' म्हणतात. मीही तेच म्हणू लागलो.

हिरवा झगा, टोपी, मास्क आणि कुणाच्या तरी मापाच्या रबरी चपला घालून आत गेलो, तर मॅडम भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि मॉनिटरच्या पडद्याकडे आळीपाळीने बघत होत्या. भिंतीवर नऊ छप्पन्न झाले होते, मॉनिटरवर नऊ बावन्न. त्यांनी कागदाच्या डोक्यावर लिहिलं, 'सर्व वेळा मॉनिटरच्या', आणि मग पेन खिशाला लावलं.

"हे नाही लिहिलं, तर पुढचं सगळं चार मिनिटांनी खोटं," त्या म्हणाल्या.

डब्यावरची पैज

कागदाची रचना सोपी आहे. आडव्या बाजूला वेळ जाते, पाच-पाच मिनिटांच्या उभ्या रेघांनी तोडलेली. उभ्या बाजूला आकडे, शून्यापासून दोनशेच्या वरपर्यंत. वरच्या रक्तदाबासाठी खाली टोक असलेला बाण, खालच्या रक्तदाबासाठी वर टोक असलेला, आणि नाडीसाठी टिंब. दोन्ही बाणांची टोकं समोरासमोर येतात आणि त्यांच्यामधून टिंबांची रांग पुढे सरकते. वरच्या पट्टीत औषधं, खालच्या पट्टीत सलाईन, लघवी, रक्त. कडेला शेऱ्यांची जागा.

या कागदाचे मूळपुरुष दोन विद्यार्थी आहेत. हार्वी कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत फार मोठा झाला. पण १८९०च्या दशकात तो बॉस्टनमध्ये डॉक्टरकी शिकत होता, आणि तेव्हा रुग्णाला ईथर हुंगवायचं काम विद्यार्थ्यांवर टाकलं जाई. त्याने भूल दिलेला एक रुग्ण टेबलावरच गेला. ते त्याच्या इतकं मनाला लागलं की शिक्षण सोडावं असं त्याला वाटू लागलं होतं. मित्र अर्नेस्ट कॉडमनबरोबर त्याने मग पैज लावली: ज्याचा रुग्ण भुलीतून जास्त सुखरूप बाहेर येईल त्याला दुसऱ्याने जेवण द्यायचं. आता चांगली भूल कुणाची, हे ठरवायचं कशावरून? म्हणून दोघांनी नाडी आणि श्वास कागदावर मांडायला सुरुवात केली. ही १८९४-९५ची गोष्ट. रक्तदाब त्यात नंतर आला. १९०१ साली कुशिंग इटलीत पाव्हियाला गेला, तिथे त्याने रिव्हा-रोचीचा हवेने फुगणारा दंडपट्टा पाहिला आणि तो घेऊनच अमेरिकेत परतला.

म्हणजे पैजेचा निकाल लावायला म्हणून हा कागद जन्मला. पुढे तो पुरावा झाला, कोर्टात जाऊ लागला, आणि त्याबरोबर त्याचा स्वभावही थोडा बदलला. त्याबद्दल नंतर.

सुई जाण्याआधीचे तीन आकडे

टेबलावर घेतल्यावर मॅडमनी लगेच काही केलं नाही. तिच्याशी थोडं बोलल्या, पहिलं मूल कितवीत आहे वगैरे, आणि दोन-दोन मिनिटांच्या अंतराने तीनदा रक्तदाब घेतला. १२४, ११८, ११८. सरासरी १२०. हा आकडा त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात गोल करून ठेवला.

मला वाटलं, १२० म्हणजे नॉर्मल. लिहायचं एवढं काय. पण त्या गोलाचा उपयोग वेगळा आहे. पाठीत इंजेक्शन दिल्यावर दाब उतरणारच. किती उतरला म्हणजे धोक्याचा, हे पुस्तकातल्या आकड्यावरून ठरत नाही, तिच्या स्वतःच्या आकड्यावरून ठरतं. मूळ दाबाच्या ऐंशी टक्क्यांखाली जाणं म्हणजे उतरणं, असा सर्वसाधारण हिशोब आहे. प्रयत्न मात्र नव्वद टक्क्यांच्या वर ठेवण्याचा. हिच्या बाबतीत ९६ ही लक्ष्मणरेषा. जिचा दाब गरोदरपणात १५० झालाय, तिची रेषा १२०वर येते. वॉर्डात, घाबरलेली असताना एकदाच घेतलेला आकडा मूळ म्हणून धरला, तर रेषाच चुकीच्या जागी आखली जाते आणि मग पुढचा सगळा कागद त्या चुकीच्या रेषेशी मोजला जातो.

तोपर्यंत सिस्टरांनी डाव्या हातात हिरवी सुई, म्हणजे अठरा नंबरची, लावली होती. आम्लपित्ताचं आणि उलटीचं इंजेक्शन गेलं, चीर देण्याआधीचं अँटिबायोटिकही गेलं. प्रत्येकाची वेळ वरच्या पट्टीत चढली.

दहा वाजून चार

"ताई, पाय स्टुलावर ठेवा. हनुवटी छातीला लावा आणि पाठ बाहेर काढा, मांजर काढते तशी. सिस्टरांच्या गळ्यात हात टाका. आता हलायचं नाही."

ट्रेवर पंचवीस नंबरची सुई होती आणि बुपिव्हाकेनचं ॲम्प्यूल. याला 'हेवी' म्हणतात, कारण त्यात साखर घातलेली असते, मिलिलिटरला ऐंशी मिलिग्रॅम. त्यामुळे ते पाठीच्या कण्यातल्या पाण्यापेक्षा जड होतं आणि शरीर जसं ठेवाल तसं उताराकडे सरकतं. बसवून दिलं की आधी खाली बसतं. लगेच आडवं केलं की पाठीच्या नैसर्गिक वळणावरून छातीच्या दिशेने वाहतं. भूल किती वर चढेल हे औषधाच्या मात्रेइतकंच या उतारावर ठरतं.

ॲम्प्यूल फोडण्याआधी मॅडमनी त्याच्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. सिस्टरांनी ते हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग बॅच नंबर आणि मुदतीची तारीख कागदावर. मला हा जरा कर्मकांडासारखा प्रकार वाटला, आणि माझ्या चेहऱ्यावर तो दिसला असावा.

"ट्रानेक्झामिक ॲसिड माहीत आहे?" त्यांनी विचारलं. रक्तस्राव थांबवायचं औषध, सिझरच्या टेबलाशेजारी हाताशी ठेवलेलं असतं. शिरेतून दिलं तर जीव वाचवतं. त्याचं ॲम्प्यूल काही कंपन्यांचं अगदी बुपिव्हाकेनसारखं दिसतं, आणि ते चुकून पाठीत गेल्याच्या घटना जगभरातून नोंदल्या गेल्या आहेत. पाठीत आणि पायांत आग होते, पाय बधिर होण्याऐवजी त्यांना झटके येऊ लागतात, मग आकडी, मग हृदयाचे ठोके बिघडतात. बऱ्याच जणी त्यात दगावल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी स्वतंत्र इशारा काढला. कागदावरचा बॅच नंबर चूक थांबवत नाही. पण तो लिहायचा म्हटलं की ॲम्प्यूल डोळ्यांसमोर धरावंच लागतं, आणि ते धरलं की नाव वाचलं जातं.

कमरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांमधून सुई पहिल्याच प्रयत्नात गेली. सुईच्या मागच्या टोकाशी स्वच्छ पाण्याचा थेंब आला. दोन मिलिलिटर, म्हणजे दहा मिलिग्रॅम. कागदावर: १०.०४. प्रयत्न एक. पाणी स्वच्छ, रक्त नाही. 'प्रयत्न एक' हे चार दिवसांनी तिचं डोकं दुखू लागलं तर उपयोगी पडतं. किती वेळा टोचलं, कुठली सुई, हे तेव्हा कुणाला आठवत नसतं.

लगेच तिला आडवं केलं. उजव्या कुशीखाली उशी, टेबल थोडं डावीकडे कललेलं. पूर्ण दिवस भरलेलं गर्भाशय उताणं झोपल्यावर पोटातल्या मोठ्या शिरेवर बसतं आणि हृदयाकडे परत जाणारं रक्त अडवतं. ते तिथून हलवायचं. सलाईनची चावी पूर्ण उघडली. पूर्वी हे पाणी सुईच्या आधी अर्धा तास देत. पण आधी दिलेलं पाणी रक्तवाहिन्यांतून पाझरून जातं आणि नेमकी गरज लागते तेव्हा शिल्लक नसतं. म्हणून आता औषध चढत असतानाच ते झरझर द्यायचं.

दंडपट्टा मिनिटाला एकदा फुगेल असा लावला. मॅडमनी पेन हातात घेतलं.

ती म्हणाली, कसंतरी होतंय

पुढच्या सहा मिनिटांसाठी मी तिथे गेलो होतो, हे मला ती संपल्यावर कळलं.

पाठीतलं औषध फक्त दुखणं बंद करत नाही. रक्तवाहिन्या आवळून धरणारे जे बारीक मज्जातंतू असतात, ते छातीच्या आणि कमरेच्या मणक्यांमधूनच बाहेर पडतात, आणि औषधाच्या तावडीत तेच सर्वांत आधी सापडतात. पाय गरम वाटू लागले, असं ती म्हणाली, ते यामुळे. आवळ सुटलेल्या वाहिन्या रुंद होतात, नळी रुंद झाली की दाब पडतो. बाळाची अडचण अशी की गर्भाशयाला आपला रक्तपुरवठा स्वतः सांभाळता येत नाही. मेंदूला ते येतं, मूत्रपिंडाला येतं. गर्भाशयाला आईचा दाब जेवढा, तेवढं रक्त.

१०.०५ला ११८. १०.०६ला ११२. १०.०७ला १०४, नाडी १०२. दंडपट्टा पुन्हा फुगायला लागला होता, आकडा यायचा होता, तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, कसंतरी होतंय. मळमळतंय."

मॅडमनी पडद्याकडे बघितलंच नाही. पेन सुटलं, सिरिंज हातात आली, नळीत एक मिलिलिटर गेलं. मग आकडा उमटला: ९२, नाडी १०८. पट्ट्याला मोजायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं, आणि तेवढ्यात दाब आणखी उतरलेला असतो. मेंदूच्या देठाला रक्त कमी पडलं की पहिली तक्रार पोटातून येते. त्यामुळे अचानक आलेली मळमळ, जांभई, किंवा मघापर्यंत बोलणारी बाई एकदम गप्प होणं, हे यंत्राच्या आधी सांगतं. १०.०९ला ८८. आणखी अर्धा मिलिलिटर. १०.१०ला ११०. तिच्या ओठांना रंग आला. १०.११ला १२२, आणि नाडी १०८वरून उतरून ६२.

नाडी इतकी खाली आलेली बघून मी दचकलो. मॅडम दचकल्या नाहीत. त्यांनी दिलेलं फिनाइलेफ्रिन वाहिन्या आवळतं, दाब वाढला की हृदय आपण होऊन सावकाश चालतं. दाब वर आणि नाडी खाली, ही जोडी कागदावर दिसली तर औषध लागू पडलं असं समजायचं. दाब खाली आणि नाडीही खाली, पन्नासच्या आसपास, अशी जोडी दिसली तर ते वेगळं संकट. भूल छातीत फार वर चढून हृदयाला पळवणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचलेली असू शकते. तिथे फिनाइलेफ्रिन आणखी देणं म्हणजे मंदावलेल्या हृदयाला आणखी मंद करणं. तिथे ॲट्रोपिन, किंवा नाडीही वाढवणारं मेफेंटरमिनसारखं औषध. आपल्याकडच्या छोट्या रुग्णालयांत मेफेंटरमिनच जास्त सापडतं. नुसता दाब लिहिलेला आणि नाडी न लिहिलेला कागद म्हणूनच अर्धा कागद असतो.

फिनाइलेफ्रिनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याचं ॲम्प्यूल एक मिलिलिटरचं आणि त्यात दहा मिलिग्रॅम. लागणारी मात्रा त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. म्हणून मॅडमनी सकाळीच ते शंभर मिलिलिटर सलाईनच्या बाटलीत मिसळलं होतं, बाटलीवर आणि सिरिंजवर चिकटपट्टी लावून 'एका मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम' असं ठसठशीत लिहिलं होतं. कागदावरही त्या 'एक मिलिलिटर' लिहीत नाहीत, '१०० मायक्रोग्रॅम' लिहितात. मिलिलिटर म्हणजे किती औषध, हे त्या दिवशी बाटलीत काय कालवलं होतं त्यावर ठरतं, आणि बाटली संध्याकाळी कचऱ्यात जाते.

१०.१२ला स्पिरिटचा बोळा कमरेपासून वर फिरवत विचारलं, "गार कुठे लागतं?" दोन्ही बाजूंना छातीच्या बोंडांच्या पातळीपर्यंत गार लागत नव्हतं. टी-४. हाताची मूठ घट्ट आवळता येत होती, बोलता येत होतं. म्हणजे भूल हवी तेवढी चढली होती आणि नको तेवढी चढली नव्हती. १०.१४ला चीर.

आता कागदाकडे बघा. त्याला उभ्या रेघा तीनच: १०.०५, १०.१०, १०.१५. त्या रेघांवरचे आकडे ११८, ११०, ११८. एवढेच लिहिले असते, तर हिचा दाब कधी उतरलाच नव्हता. ती मळमळलीच नव्हती. आणि मग दीडशे मायक्रोग्रॅम औषध कशासाठी दिलं, याचं उत्तर कागदावर कुठेच नसतं.

मॅडमनी १०.०५ आणि १०.१० या दोन रेघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत चार बारीक बाण काढले, मुंग्यांएवढे. शेऱ्यात: '१०.०८ मळमळ, दाब ९२, फिनाइलेफ्रिन १०० मायक्रोग्रॅम. १०.०९ दाब ८८, ५० मायक्रोग्रॅम. १०.१० बरं वाटतं.' हे त्यांनी १०.१३ला लिहिलं, मॉनिटरच्या साठवलेल्या यादीत मागे जाऊन. त्याआधी हात मोकळा नव्हता.

पाच मिनिटांचं अंतर हा जगभर मान्य असलेला किमान नियम आहे, आणि तासभर संथ चाललेल्या ऑपरेशनला तो पुरतो. पण सिझरमधला निर्णायक तुकडा सुई आणि बाळ यांच्या मधला, पंधरा-वीस मिनिटांचा. त्यासाठी वेगळ्या, मिनिटामिनिटाच्या चौकटी छापायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही. छापील कागद सगळ्या ऑपरेशनांना एकच असतो, एवढंच कारण.

बाळ, आणि तीन युनिट

जुन्या टाक्यांमुळे आतलं चिकटलेलं होतं, सर्जनना वेळ लागला. १०.२१ला गर्भाशयावर चीर, १०.२२ला बाळ बाहेर. मुलगी. पोटावरची चीर आणि बाळ यांच्यात आठ मिनिटं गेली, त्याची फारशी चिंता नसते. गर्भाशयावरची चीर आणि बाळ यांच्यातलं अंतर तीन मिनिटांच्या वर जाऊ लागलं की बाळाला सोसावं लागतं. म्हणून या दोन वेळा वेगळ्या लिहायच्या.

बाळ रडलं. पहिल्या मिनिटाला अपगार ८, पाचव्याला ९. हे अपगार म्हणजे व्हर्जिनिया अपगार. त्या स्वतः भूलतज्ज्ञ होत्या आणि १९५२ साली त्यांनी ही गुणपद्धत मांडली. बाळांच्या डॉक्टरांना हे ठाऊक असतं, आयांना नसतं.

बाळ आलं की गर्भाशय आवळावं म्हणून ऑक्सिटोसिन. सर्जननी पडद्यावरून हाक दिली, "मॅडम, ऑक्सि." मॅडमनी तीन युनिट घेतली आणि घड्याळाकडे बघत अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लावून दिली, मग दहा युनिट अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकून ती बाटली चार तासांना पुरेल अशी लावली. एकदम दिलेलं ऑक्सिटोसिन वाहिन्या सैल करतं. दाब पडतो, नाडी पळते, छातीत धडधडतं. रक्त गेलेल्या बाईत हे जिवावर येऊ शकतं. हिच्याही कागदावर ते बारीकसं उमटलं: १०.२५ला दाब १०४, नाडी ९८. १०.३०ला ११२ आणि ८४. कुणाला ते नुसते दोन आकडे वाटतील. पण १०.२३ची औषधाची नोंद वर असल्यामुळे ते काय आहे ते कळतं. ती नोंद नसती, तर वाचणाऱ्याने आधी रक्तस्राव शोधला असता.

तोही शोधायचा असतोच. सिझरमध्ये रक्त किती गेलं हा प्रश्न विचारला की सगळ्यांचा ओढा एकाच आकड्याकडे असतो, 'पाचशे'. मॅडम तो मोजतात. बाळाबरोबर आलेलं पाणी आणि रक्त सक्शनच्या बाटलीत एकत्र पडतं, म्हणून बाळ बाहेर आल्याक्षणी त्यांनी मामांना बाटलीवर चिकटपट्टी लावायला सांगितली: ३५०. शेवटी बाटली ६०० दाखवत होती, म्हणजे रक्त साधारण २५०. भिजलेले मॉप मावशींनी वजनकाट्यावर ठेवले. कोरड्या मॉपांचं वजन वजा करून ३२० ग्रॅम, आणि एक ग्रॅम म्हणजे ढोबळ एक मिलिलिटर. एकूण ५७०. चादरीत मुरलेलं आणि खाली ठिबकलेलं यात येत नाही, म्हणून त्यांनी लिहिलं, '६०० किंवा थोडं जास्त'. लघवी १५०, स्वच्छ. सलाईन बाराशे.

सपाट रेघ

दहा पंचावन्नला टाके संपले. मॅडम कागद पूर्ण करत बसल्या तेव्हा मी त्यांना माझ्या घरच्या फाइलची गोष्ट सांगितली. या लेखाच्या निमित्ताने मी बायकोच्या सिझरची फाइल माळ्यावरून काढली होती, २००९ची, एका खासगी रुग्णालयातली. तिच्या भुलीच्या कागदावर नऊ चौकटी आहेत आणि नऊच्या नऊ चौकटींत १२०/८०, नाडी ८०. पट्टीने आखावी तशी रेघ. औषधाच्या पट्टीत मेफेंटरमिन दोनदा. बायकोला मात्र टेबलावर दोनदा उलटी झाल्याचं आणि डोळ्यांपुढे अंधारी आल्याचं आजही आठवतं.

मॅडम हसल्या नाहीत. "ऑपरेशन संपल्यावर चहा पिताना भरलेला आहे," त्या म्हणाल्या. "भूल कदाचित चांगलीच दिली असेल. कागद वाईट आहे."

हाताने भरलेल्या आणि यंत्राने आपोआप साठवलेल्या नोंदी शेजारी ठेवून लोकांनी पाहिल्या आहेत. हातची नोंद नेहमी जास्त शांत असते. टोकाचे आकडे गळतात, आणि उरलेले शून्याने संपू लागतात: ११०, १२०, ८०. प्रत्येक वेळी लबाडी असतेच असं नाही. एकच माणूस औषध देतो, रुग्णाशी बोलतो, सलाईन बदलतो आणि लिहितोही. दाब पडतो तेव्हा पेन खाली असतं. मागाहून आठवून लिहिताना मन मधला आकडा निवडतं. शिवाय एक समजूत आहे की खड्डा दाखवला तर पुढे वकील त्यात बोट घालेल. वास्तविक, पाठीतल्या भुलीनंतर दाब उतरणं ही चूक धरत नाहीत. तो दिसला कधी, आणि त्यावर काय केलं, हे विचारतात, आणि सपाट रेघेला त्याचं उत्तर देता येत नाही.

यंत्राचीही नोंद जशीच्या तशी खरी नसते, हेही त्यांनी लगेच सांगितलं. सर्जन दंडाला टेकले तर पट्टा ७० दाखवतो. बाई थंडीने कुडकुडायला लागली तर काहीही दाखवतो. सिझरनंतर ती कुडकुडतेच. असा आकडा आला तर तो लपवायचा नाही, बाजूला लिहायचं: 'कुडकुडते आहे, पुन्हा घेतला, ११४'. आणि चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, सही, वेळ. व्हाइटनर लावलेला कागद त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तो कुणाचा होता ते सांगितलं नाही.

कागदावर दोन कोऱ्या जागा राहिल्या होत्या. १०.४०च्या चौकटीत नाडी नव्हती. भरून टाकता आली असती, मॉनिटरच्या यादीतही तेवढाच एक आकडा सुटला होता. "तेव्हा पल्सऑक्सचा चिमटा निघाला होता," त्या म्हणाल्या आणि तसंच लिहिलं. दुसरी कोरी जागा सहीची होती. ती त्यांनी शेवटी भरली, ११.०३ला, वेळेसकट.

बाहेर सासूबाई उभ्या होत्या. नात बघून झाली होती, पेढ्यांचं बोलणं झालं होतं, आता त्यांना वेळ हवी होती. पत्रिकेला मिनिट लागतं. सिस्टरांनी रजिस्टर बघून सांगितलं, "दहा सव्वीस." त्यांनी ते पदराच्या टोकाला गाठ मारावी तसं पुटपुटत घोकलं. मग मी आत वही घेऊन होतो हे कुणी तरी सांगितलं असणार, कारण त्या माझ्याकडे वळल्या.

"दादा, तुम्ही लिहून घेतलंय ना? सव्वीसच ना?"

माझ्या वहीत दहा बावीस होते. मी मॅडमकडे बघितलं.

"आजी, सव्वीस धरा," मॅडम म्हणाल्या. "दाखल्यावर तेच येणार आहे."

आजी गेल्या. मॅडमनी ट्रॉलीच्या पायथ्याची फाइल पुन्हा उघडली, 'बाळ १०.२२' या ओळीपुढे लिहिलं, 'भिंतीच्या घड्याळाने १०.२६', त्याखाली सही केली, आणि सहीपुढे वेळ घातली: ११.१२.